बाळाला ‘अर्धी गोळी’ देऊ नका: औषध दुकानदारांना खुले पत्र

राज्यातल्या औषध दुकानांत काउंटरवर उभे राहणाऱ्या सर्व बंधुभगिनींना,

सप्रेम नमस्कार.

रात्री दवाखाने बंद व्हायच्या वेळेला येणारं एक गिऱ्हाईक तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे. बाप घाईघाईत येतो आणि सांगतो, “बाळाला सकाळपासून आठ-दहा वेळा पातळ शी झालीय, पोटात काही टिकत नाही. थांबायला काहीतरी द्या.” बरोबर चिठ्ठी नसते. बाळ घरी आईजवळ असतं. मग ड्रॉवरमधून दोन पट्ट्या निघतात. एक जुलाब थांबवायची, लोपेरामाइड २ मिलिग्रॅमची. दुसरी उलटी थांबवायची, मेटोक्लोप्रमाइड १० मिलिग्रॅमची. कात्रीने दोन-दोन गोळ्या कापल्या जातात आणि सांगितलं जातं, “लहान आहे ना, अर्धी-अर्धी द्या, दिवसातून तीनदा.”

हे पत्र त्या अर्ध्या गोळीबद्दल आहे. ‘अर्धी’ म्हटलं की मात्रा कमी झाली असं वाटतं, आणि तसं वाटणं साहजिकही आहे. म्हणून आधी हिशेब मांडू. बाळ चौदा महिन्यांचं आणि ८ किलोचं आहे असं धरा. मोठ्या माणसाचं वजन ६० किलो, म्हणजे बाळाच्या साडेसात पट. लोपेरामाइडच्या अर्ध्या गोळीत १ मिलिग्रॅम औषध असतं. वजनाच्या हिशेबात ते मोठ्या माणसाने एका दमात साडेसात मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेचार गोळ्या घेण्यासारखं झालं. मोठ्या माणसाला सुरुवातीची मात्रा दोन गोळ्यांची असते. बाळाला दिवसातून तीनदा अर्धी दिली, तर तो सव्वा अकरा गोळ्यांचा डोस होतो. मोठ्या माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखालीसुद्धा दिवसाला आठ गोळ्यांच्या वर जायची मुभा नाही.

मेटोक्लोप्रमाइडचं गणित याहून वाईट आहे. अर्ध्या गोळीत ५ मिलिग्रॅम असतात. मोठ्या माणसाच्या मापात ते एकाच वेळी साडेसदतीस मिलिग्रॅम झालं, आणि युरोपच्या औषध नियामकांनी मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसासाठी घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. मुलांसाठीची मर्यादा दिवसाला किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. ८ किलोच्या बाळाला दिवसभरात ४ मिलिग्रॅम झाले, आणि अर्धी गोळी एका वेळेलाच ती हद्द ओलांडते. ज्या सिरपच्या दर पाच मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असतं, त्याचा एक चमचा म्हणजे हीच अर्धी गोळी होय.

पण मात्रा बरोबर काढली की झालं, असंही नाही. जुलाब-उलट्या झालेल्या लहान मुलात ही दोन्ही औषधं काय करतात, ते एकेक करून पाहू.

लोपेरामाइड अफूच्या कुळातलं औषध आहे. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवर अफूसारखा परिणाम करून ते आतड्याची लाटेसारखी हालचाल मंदावतं आणि गुदद्वाराचा स्नायू आवळतं. बाहेर येणारं थांबतं, एवढंच. ज्या विषाणूने किंवा जंतूने आतड्याचं अस्तर बिघडवलं आहे तो तिथेच असतो आणि आतड्यात पाणी झिरपत राहतं. ते पाणी रक्तातूनच आलेलं असतं. ते बाहेर पडो वा आतड्यातच साचो, रक्तातून ते कमी झालेलंच असतं. फरक इतकाच पडतो की आता ते आईला दिसत नाही. शी थांबली म्हणून आई पाणी पाजायचं कमी करते. बाळ गुंगल्यासारखं पडून राहतं, तर घरातले म्हणतात, बरं झालं, झोपलं एकदाचं. जुलाबात पोटॅशियमही कमी झालेलं असतं, आणि पोटॅशियम उतरलं की आतडं आपोआपच सुस्तावतं. त्यात हे औषध पडलं की आतडं पूर्ण थंडावू शकतं. पोट ढोलासारखं फुगतं, वायू सरत नाही, आणि मग हिरव्या पित्ताची उलटी येते. स्टेथोस्कोप पोटावर ठेवला तर एरवीची गुडगुड ऐकू येत नाही.

शीत रक्त किंवा आव असेल, तर धोका आणखी वाढतो. शिगेलासारखे जंतू आतड्याच्या भिंतीत शिरलेले असतात. त्यांना बाहेर काढायची शरीराची वाट म्हणजे जुलाब, आणि तीच आपण बंद करतो. मोठं आतडं फुगून फाटण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

दुसरा धोका मेंदूचा. मोठ्या माणसात लोपेरामाइड मेंदूपर्यंत सहसा पोचत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्यावर काही प्रथिनं पंपासारखी काम करतात आणि आत शिरू पाहणारं हे औषध परत रक्तात ढकलतात. म्हणूनच मोठा माणूस ही गोळी खाऊन कामाला जाऊ शकतो. तान्ह्या बाळात हा पडदा अजून पुरता तयार झालेला नसतो. औषध आत शिरलं की अफूची विषबाधा झालेल्या माणसात दिसतं तेच दिसतं. बाळ गुंगतं, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास संथ आणि उथळ होतो. रुग्णालयात नॅलोक्सोन या उताऱ्याचं इंजेक्शन देता येतं, पण त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि लोपेरामाइड शरीरात त्याहून कितीतरी जास्त वेळ राहतं. उताऱ्यानंतर जागं झालेलं बाळ पुन्हा गुंगू शकतं, म्हणून त्याला लगेच घरी सोडता येत नाही.

याची किंमत मुलांनी मोजलेली आहे. लहान मुलांसाठी म्हणून या औषधाचे थेंब बाजारात होते. पाकिस्तानात ते दिलेल्या बाळांची आतडी थंडावून मृत्यू झाल्याच्या नोंदी आल्या, आणि १९९० साली कंपनीने ते थेंब मागे घेतले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या जुलाबात अशा औषधांना जागा नाही असं स्पष्ट केलं. अमेरिकेत दोन वर्षांखालच्या मुलांना लोपेरामाइड द्यायला मनाई आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या बंदी घातलेल्या औषधांच्या यादीत लोपेरामाइड, डायफिनॉक्सिलेट किंवा ॲट्रोपिन असलेली, मुलांसाठीची जुलाबाची औषधं आहेत. म्हणजे जे औषध मुलांसाठी बनवून विकायला बंदी आहे, तेच मोठ्यांची गोळी मोडून आपण काउंटरवर हाताने तयार करतो. डायफिनॉक्सिलेट आणि ॲट्रोपिनची ती बारीक पांढरी गोळीसुद्धा याच पंक्तीतली आहे, हे वेगळं सांगायला नको.

लोपेरामाइडने जुलाब लवकर थांबत नाहीत असं आम्ही म्हणत नाही. १,७८८ मुलांवरच्या १३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ साली निघाला. त्यात जुलाबाचा काळ थोडा कमी झालेला दिसला. पण औषध दिलेल्या शंभर मुलांमागे जवळपास एकाला गंभीर त्रास झाला. त्यात आतडं थंडावणं, गुंगी आणि मृत्यू हे सगळं होतं. न दिलेल्या गटात असा एकही प्रकार नव्हता. आणि गंभीर त्रास झालेली सगळी मुलं तीन वर्षांच्या आतली होती. चार-पाच दिवसांत आपसूक थांबणाऱ्या आजारासाठी ही जोखीम घ्यायची का, याचं आमचं उत्तर ठाम नाही असं आहे.

आता मेटोक्लोप्रमाइड. हे मेंदूतल्या डोपामिनला अडवतं. उलटीच्या केंद्रात डोपामिन अडलं की मळमळ कमी होते. पण स्नायूंची हालचाल सांभाळणाऱ्या भागातही डोपामिन लागतं, आणि तिथेही ते अडतं. मुलं आणि तरुण माणसं या परिणामाला जास्त बळी पडतात. मात्रा जास्त झाली तर शक्यता वाढते, पण नेमक्या मात्रेतही हे होऊ शकतं. औषध बरंचसं लघवीवाटे बाहेर जातं. सुकलेल्या बाळाला लघवीच कमी होत असते, तेव्हा ते अंगात रेंगाळतं.

दिसतं ते असं. औषध दिल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, मुलाचे डोळे वर फिरतात आणि तिथेच अडकतात. मान एका बाजूला वळून ताठ होते. जबडा आवळतो किंवा जीभ बाहेर येऊन वळते. कधी पाठ धनुष्यासारखी मागे वाकते. थोड्या वेळाने सगळं सैल पडतं आणि पुन्हा सुरू होतं. आईबाप घाबरून कोणी आकडी समजतं, कोणी धनुर्वात, कोणी बाहेरची बाधा. आकडीत आणि यात एक मोठा फरक आहे: मूल शुद्धीवर असतं. आईचा आवाज ओळखतं, रडतं, भेदरलेल्या नजरेने पाहतं, फक्त मान त्याच्या हातात नसते. हे ओळखलं तर रुग्णालयात योग्य इंजेक्शनने बहुधा थोड्या वेळात उतरतं. ओळखलं नाही तर त्या मुलाला आकडीची औषधं सुरू होतात, पाठीतून पाणी काढलं जातं, मेंदूचा स्कॅन होतो. आणि हे सगळं चालू असताना आदल्या रात्रीच्या अर्ध्या गोळीचं नाव कोणाला सांगता येत नाही, कारण ती कागदाच्या पुडीतून आली होती.

२०१३ साली युरोपच्या औषध नियामकांनी हे औषध एक वर्षाखालच्या मुलांना पूर्ण वर्ज्य ठरवलं. त्यावरच्या मुलांना फक्त कर्करोगाच्या औषधांनी किंवा शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या उलट्यांसाठी, तेही दुसरा इलाज चालला नाही तर, आणि पाच दिवसांहून जास्त नाही. साध्या जुलाब-उलट्यांचा त्या यादीत उल्लेखच नाही. आपल्या कायद्यानेही मेटोक्लोप्रमाइड शेड्यूल ‘एच’मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय ते विकताच येत नाही.

शिवाय उलटी हे एक लक्षण आहे. आतड्यात आतडं शिरून अडथळा आला असेल, तर बाळ मधूनमधून पाय पोटाशी घेऊन कळवळतं, उलट्या करतं आणि नंतर लालसर जेलीसारखी शी होते. मेटोक्लोप्रमाइड पोट आणि लहान आतडं जोराने पुढे ढकलतं. अडलेल्या आतड्याला पुढे ढकलणं म्हणजे ते फाटायची वेळ जवळ आणणं. आणि एरवीच्या जुलाबात या ढकलण्याने जुलाब वाढू शकतात. एका पुडीत दोन्ही गोळ्या दिल्या की काय होतं, ते आता तुम्हीच पाहा. एक आतड्याला थांब म्हणते, दुसरी चल म्हणते, आणि गुंगी दोन्ही आणतात. गुंगलेलं मूल पाणी पीत नाही, आणि या आजारात त्याला वाचवणारं पाणीच आहे.

“मग डॉमपेरिडोन देतो,” असं कोणी म्हणेल. ते मेंदूत कमी शिरतं हे खरं, पण ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या उलट्यांवर त्याचा उपयोग होत नाही म्हणून युरोपात मुलांसाठीचा त्याचा वापर काढून टाकला गेला आहे. ऑनडानसेट्रॉनची एखादी मात्रा उलट्या फार असलेल्या मुलाला उपयोगी पडते. पण ती मूल तपासून, वजन करून डॉक्टरने लिहायची. ती काउंटरवरची पर्यायी गोळी नाही.

तर त्या बापाच्या हातात काय द्यायचं? ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या. दोन्ही तुमच्या दुकानात आहेत. पण नुसती हातात ठेवून भागत नाही. कसं पाजायचं हे सांगितलं नाही, तर बाप तासाभरात परत येतो आणि म्हणतो, “पाजलं, सगळं उलटून पडलं.”

सगळं उलटून पडतं, कारण तहानलेलं बाळ वाटीभर पाणी घटाघटा पितं आणि ताणलेलं पोट ते परत फेकतं. चमच्याने द्यायचं. आपल्या त्या ८ किलोच्या बाळाचे डोळे थोडे खोल गेलेत, ते किरकिर करतंय, हावरटासारखं पाणी पितंय, असं समजा. अशा बाळाला आधी दवाखान्यात पाठवायचं, आणि वाटेतही पाजत राहायचं. त्याला चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर लागतं, म्हणजे ६०० मिलिलिटर. ऐकायला फार वाटतं. पण पाच मिलिलिटरचा एक चमचा दर दोन मिनिटांनी दिला, की तासाला १५० होतात आणि चार तासांत ६०० भरतात. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, जरा आणखी सावकाश. एका उलटीत पाजलेलं सगळं जात नाही, बरंचसं तोवर शोषलं गेलेलं असतं. हे वाक्य आईला सांगाच, कारण पहिल्या उलटीलाच बहुतेक घरांत पाजणं बंद होतं. बाळ अजून सुकलेलं नसेल, तर दोन वर्षांखालच्याला दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि त्यावरच्याला १०० ते २०० पुरतं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.

पाकिटावर किती पाण्याचं आहे ते गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवा. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात विरघळवलं तर पाणी फार खारट होतं, रक्तातलं सोडियम चढतं आणि आकडी येऊ शकते. छोटं २०० मिलिलिटरचं पाकीट लिटरभर पाण्यात टाकलं तर क्षार पुरत नाहीत. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या, असंही नाही, कारण अर्ध्या पुडीत क्षार आणि साखर सारख्या प्रमाणात येतील याची खात्री नसते. अख्खं पाकीट एकदम भिजवायचं आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. आणि तयार गोड पेयाचं खोकं ओआरएस म्हणून देऊ नका. त्यात साखर जास्त आणि क्षार कमी असतात, आणि जास्त साखर आतड्यात आणखी पाणी ओढते. पेयांच्या नावात ओआरएस लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली ती याचसाठी. खऱ्या पाकिटावर लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ असं लिहिलेलं सापडतं.

झिंक सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. गोळी चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे, हे पट्टी देतानाच सांगावं लागतं.

काही बाळं मात्र ओआरएस देऊन घरी पाठवायची नसतात. शीत रक्त, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, सहा-आठ तास लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसणं, पाणी पिताच न येणं, हलवूनही नीट जागं न होणं, किंवा मूल दोन महिन्यांच्या आतलं असणं. यातलं एकही बापाच्या बोलण्यात आलं, तर त्याच रात्री रुग्णालयात पाठवा. “बाळाने शेवटची शू कधी केली?” एवढा एक प्रश्न विचारलात तरी निम्मं कळतं.

तुम्ही नाही म्हटलं तर तो माणूस पुढच्या दुकानात जाईल, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच हे पत्र सगळ्यांना आहे. आणि मोठ्यांसाठी या गोळ्या तुम्ही विकणारच, त्या अनेकदा लागतातही. तेव्हा दोन गोष्टी करा. “कोणासाठी, वय किती?” हे पट्टी काढायच्या आधी विचारा, कारण ‘जुलाबाची गोळी द्या’ म्हणणारा बाप ती स्वतःसाठी मागतोय असं आपण गृहीत धरतो. आणि पट्टी कापताना औषधाचं नाव छापलेला भाग गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर राहील असं पाहा. तसा राहत नसेल तर पाकिटावर पेनाने नाव, ताकद आणि ‘लहान मुलांना देऊ नये’ असं मराठीत लिहा. ती गोळी घरातल्या डब्यात पडून राहते. महिन्याभराने त्याच घरातल्या बाळाला जुलाब होतात, तेव्हा तो डबा उघडणारी आजी तुमचं अक्षर वाचेल.

आपले,
लहान मुलांवर उपचार करणारे काही डॉक्टर आणि फार्मासिस्ट